मधला कॉलम खचला की बीममधले मोमेंट कुठे जातात

प्रश्न: तीन कॉलमवर एक कंटिन्युअस बीम आहे, दोन्ही स्पॅन ५ मीटरचे. मधला कॉलम थोडा खचला तर त्याच्यावरचा निगेटिव्ह मोमेंट कमी होतो असं गणितात येतं. मग खचणं बीमच्या फायद्याचंच झालं ना? आणि मधल्याऐवजी कडेचा खचला तर काय फरक पडतो?

उत्तर:

फायद्याचं नाही. आधारावरचा मोमेंट कमी होतो हे खरं, पण तो नाहीसा होत नाही, स्पॅनमध्ये सरकतो. आणि स्पॅनमधल्या खालच्या सळया त्यासाठी ठेवलेल्याच नसतात. कडेचा आधार खचला तर नेमकं उलट होतं. हे एका खऱ्या मापाच्या बीमवर बघू, म्हणजे किती मिलिमीटरला काय होतं ते कळेल.

बीम घेऊ २३० × ४५० चा, काँक्रीट एम २५. स्लॅब, भिंत आणि बीमचं स्वतःचं वजन धरून भार मीटरला २४ किलोन्यूटन. आयएस ४५६ प्रमाणे काँक्रीटचा इलॅस्टिक मॉड्युलस ५००० गुणिले २५ चं वर्गमूळ, म्हणजे २५,००० न्यूटन प्रति चौरस मिमी. तडे न गेलेला पूर्ण छेद धरला तर EI येतो ४३,६६४ किलोन्यूटन-मीटर². तिन्ही आधारांवर बीम नुसता टेकलेला आहे असं सध्या धरू. यापुढे मोमेंटचे आकडे किलोन्यूटन-मीटरमध्येच आहेत, दर वेळी एकक लिहीत नाही.

काहीच खचलेलं नसताना मधल्या आधारावर ७५ चा निगेटिव्ह मोमेंट येतो आणि प्रत्येक स्पॅनमध्ये जास्तीत जास्त ४२.२ चा पॉझिटिव्ह, तोही कडेपासून १.८८ मीटरवर. मधला कॉलम १५० किलोन्यूटन उचलतो, कडेचे प्रत्येकी ४५.

आता मधला कॉलम पूर्ण काढून टाकला असं समजा. बीम १० मीटरचा साधा बीम होईल आणि मध्यभागी ७१.६ मिमी झुकेल. म्हणजे मधला कॉलम करतो काय, तर खाली झुकू पाहणाऱ्या बीमला ७१.६ मिमी वर उचलून धरतो, आणि त्यासाठी त्याला १५० किलोन्यूटन जोर लावावा लागतो. तो १० मिमी खचला तर त्याला ६१.६ मिमीच उचलायचं राहतं, म्हणून त्याचा जोर त्याच प्रमाणात कमी होऊन १२९ वर येतो. कॉलम जेवढा खाली जातो तेवढा बीम १० मीटरच्या साध्या बीमकडे झुकत जातो. सगळं सरळ रेषेत बदलतं, म्हणून सूत्रही सोपं येतं:

```
मधला आधार δ ने खचला:   M_B = -wL²/8 + 3EIδ/L²
कडेचा आधार δ ने खचला:  M_B = -wL²/8 - 1.5EIδ/L²
```

(B म्हणजे मधला आधार, दोन्ही स्पॅन सारखे.) ही क्लॅपेरॉनच्या तीन-मोमेंट समीकरणातून थेट निघतात. क्लॅपेरॉनने ते १८५७ मध्ये मांडलं, आणि आधार वेगवेगळ्या पातळीवर असतील तर काय, ही भर ओटो मोरने १८६० मध्ये घातली. तुमच्या प्रश्नाचं मूळ त्या भरीत आहे.

आपल्या बीमला प्रत्येक मिलिमीटर खचण्यामागे मधल्या आधारावर ५.२४ चा मोमेंट बदलतो. १० मिमी खचला तर ७५ चा मोमेंट २२.६ वर येतो. कडेच्या कॉलमवरची रिअॅक्शन ४५ ची ५५.५ होते आणि स्पॅनमधला मोमेंट ४२.२ वरून ६४.१ वर चढतो, म्हणजे दीडपटीहून थोडा जास्त. सर्वांत मोठ्या मोमेंटची जागाही कडेपासून २.३१ मीटरपर्यंत सरकते. १४.३ मिमीला मधल्या आधारावर मोमेंट शून्य होतो आणि स्पॅनमध्ये ७५ येतो, जणू पाच-पाच मीटरचे दोन सुटे बीम. २० मिमीला मधल्या आधारावर चिन्हच बदलतं, तिथे जवळपास ३० चा पॉझिटिव्ह मोमेंट येतो आणि स्पॅनमध्ये ९०.६.

१४.३ हा आकडा ७१.६ चा बरोबर पाचवा भाग आहे. दोन सारखे स्पॅन आणि सारखा पसरलेला भार असेल तर कुठल्याही बीमला हा नियम लागू पडतो: मधला आधार काढल्यावर बीम जितका झुकला असता त्याच्या एक पंचमांश तो खचला की आधारावरचा मोमेंट संपतो. साइटवर अंदाज घ्यायला मी हाच मापदंड वापरतो. नुसते १० मिमी हे थोडे की फार, हे बीम ताठ आहे की लवचिक हे कळल्याशिवाय सांगता येत नाही.

आता सळयांकडे बघा. स्पॅनमध्ये ४२.२ ला दीडचा गुणक लावून डिझाइन केलं तर १६ मिमीच्या दोन सळया पुरतात. त्यांची डिझाइनची ताकद ६५.५ येते. खचण्याआधी प्रत्यक्ष मोमेंट ४२.२ आणि ताकद ६५.५, म्हणजे हातात दीडपट मोकळीक. १० मिमी खचल्यावर प्रत्यक्ष मोमेंटच ६४.१. मोकळीक जवळजवळ संपली. सळईतला ताण सुमारे २८५ वरून ४३० न्यूटन प्रति चौरस मिमीच्या आसपास जातो आणि खालचे तडे रुंदावतात. तिकडे मधल्या कॉलमवर ७५ साठी घातलेलं वरचं स्टील बरंचसं रिकामं बसतं. बीमच्या एकूण ताकदीत काही कमी झालेलं नसतं, पण ताकद जिथे आहे तिथे मोमेंट नाही आणि मोमेंट जिथे आहे तिथे ताकद नाही, अशी गत होते.

मधल्या आधारावर मोमेंटचं चिन्ह उलटलं तर आणखी एक अडचण येते. तिथे खालच्या बाजूला ताण येतो, आणि खालच्या सळया तिथे जेमतेम पोहोचलेल्या असतात. आयएस ४५६ प्रमाणे कंटिन्युअस बीममध्ये स्पॅनच्या खालच्या स्टीलपैकी किमान चौथा हिस्सा आधारात न्यायचा असतो, तोही डेव्हलपमेंट लेंग्थच्या फक्त एक तृतीयांश. एवढ्या रुतवणुकीवर सळई पूर्ण ताण घेऊ शकत नाही. म्हणून खचण्याची शंका असलेल्या जमिनीवर मी खालच्या सगळ्या सळया मधल्या कॉलममधून सलग नेतो आणि लॅप तिथे देत नाही. यात स्टील फारसं वाढत नाही, पण चिन्ह उलटलं तरी बीम तिथे उघडा पडत नाही.

इथे बरेच जण म्हणतात, मग बीमच जास्त खोल करू. नेमकं हेच करू नये. भारामुळे येणारा मोमेंट बीमच्या खोलीवर अवलंबून नसतो, पण खचण्यामुळे येणारा मोमेंट थेट EI च्या पटीत वाढतो. ४५० ऐवजी ६०० चा बीम केला तर EI २.३७ पट होतो, आणि त्याच १० मिमीला ५२ ऐवजी १२४ चा बदल येतो. तडे जाण्याआधी काँक्रीटच्या तळाशी येणारा ताण तर फक्त खोली, स्पॅन आणि खचणं यांवर ठरतो, रुंदीवर अजिबात नाही. आपल्या बीमला १० मिमीचा एकटा ताण ६.७५ न्यूटन प्रति चौरस मिमी येतो, आणि एम २५ काँक्रीट ३.५ च्या आसपास तडकतं. जिथे पाया खचणारच आहे तिथे लवचिक बीम टिकतो. स्पॅनचा परिणाम तर याहून तीव्र आहे. भाराच्या मोमेंटशी तुलना केली तर खचण्याचा वाटा स्पॅनच्या चौथ्या घाताच्या उलट प्रमाणात वाढतो. स्पॅन अर्धा केला तर तेच १० मिमी सोळापट जड पडतात. आखूड स्पॅनचे, खोल बीम म्हणून सगळ्यात आधी तडकतात.

वरचा ६.७५ आणि ३.५ चा हिशोब मात्र एक इशाराही देतो. तडे न गेलेला छेद धरून काढलेले आकडे काँक्रीटला पूर्णपणे लागू पडूच शकत नाहीत, कारण तिथपर्यंत पोहोचण्याआधीच बीम तडकतो आणि लवचिक होतो. छेदाचा EI अर्ध्यावर आला असं धरलं तर १० मिमीला बदल २६ चा येतो आणि स्पॅनमधला मोमेंट ५२.६ वर थांबतो. शिवाय काँक्रीटला क्रीप असतो. आयएस ४५६ मध्ये २८ दिवसांनी भार आलेल्या काँक्रीटचा क्रीप गुणांक १.६ दिलाय. कॉलम हळूहळू, दोन-चार वर्षांत खचला तर परिणामकारक मॉड्युलस साधारण २.६ ने भागला जातो. तडे आणि क्रीप दोन्ही धरले तर त्याच १० मिमीचा बदल फक्त १० च्या आसपास उरतो आणि स्पॅनमध्ये ४६ येतो.

म्हणजे एकाच बीमला, एकाच १० मिमीला स्पॅनमधला मोमेंट ४६ ते ६४ मध्ये कुठेही असू शकतो, आणि तो कुठे असेल हे ठरतं कॉलम किती वेगाने खचला त्यावर. शेजारी खोदकाम झालं, माती ढासळली आणि आठवड्यात १० मिमी गेले तर वरच्या टोकाजवळचा आकडा धरा. काळ्या मातीत ऋतुमानाने सावकाश गेले तर खालचा. स्टीलच्या बीमला ही सवलत नाही, तिथे क्रीप नसतो, पूर्ण आकडा येतो आणि तसाच राहतो.

तुम्ही प्लास्टिक अॅनालिसिस शिकला असाल तर म्हणाल, शेवटी कोसळण्याचा भार खचण्याने बदलतच नाही. बरोबर आहे. खालच्या सळया यील्ड झाल्या की जास्तीचा मोमेंट मधल्या आधाराकडे परत वळतो आणि तिथलं रिकामं स्टील कामाला लागतं. पण त्यासाठी यील्ड झालेल्या छेदाला पुरेसं वळता आलं पाहिजे, आणि तोवर शिअर किंवा सळईची पकड निकामी होता कामा नये. बारीक रिंगा लांब-लांब ठेवलेल्या जुन्या बीममध्ये मी या भरवशावर बसत नाही. आणि तडे तर त्याआधीच पडून गेलेले असतात.

आता कडेचा कॉलम. तो १० मिमी खचला तर मधल्या आधारावरचा मोमेंट ७५ चा १०१ होतो आणि स्पॅनमधला ४२ चा ३३. परिणाम मधल्याच्या निम्मा असतो, कारण दोन्ही कडांना जोडणारी रेषा मध्यभागी निम्मीच खाली जाते. मात्र मधल्या आधारावरचा मोमेंट आधीच बीममधला सर्वांत मोठा असतो आणि त्यातच ही भर पडते. तडे पडतात वरच्या अंगाला, कॉलमच्या अगदी जवळ, म्हणजे फरशीखाली, जिथे कोणाची नजर जात नाही. हाच परिणाम मुद्दाम घडवूनही घेतलेला आहे. वेल्समधला ब्रिटानिया पूल १८५० मध्ये झाला. त्याच्या लोखंडी नळ्या खांबावर जोडताना एका नळीचं टोक आधी वर उचललं, सांधा रिव्हेट केला आणि मग टोक खाली सोडलं. त्यामुळे खांबावर निगेटिव्ह मोमेंट आला आणि स्पॅनमधला ताण कमी झाला. जाणूनबुजून केलेलं ते कडेच्या आधाराचं खचणंच होतं.

कुठला कडेचा आधार खचला, डावा की उजवा, याने मोमेंटच्या आकृतीत काहीही फरक पडत नाही. दोन्हींत ती तंतोतंत सारखी येते. म्हणून नुसते बीमचे तडे बघून कुठला खचला ते ओळखता येत नाही. त्यासाठी भिंत बघावी लागते. कॉलम-बीमच्या चौकटीतल्या विटांच्या भिंतीवर तिरकी चीर जाते आणि ती खचलेल्या कॉलमच्या दिशेने वर चढते. मधला कॉलम खचला असेल तर दोन्ही बाजूंच्या चिरा त्याच्याकडे चढत कौलारू छपरासारख्या दिसतात. कडेचा खचला असेल तर त्या एकाच स्पॅनमधल्या चिरा बाहेरच्या कॉलमकडे चढतात. बीमच्या तळाला कडेपासून दोन-अडीच मीटरवर रुंद झालेले उभे तडे आणि छपरासारख्या चिरा एकत्र दिसल्या तर मधल्या कॉलमवर शंका घ्यायला हरकत नाही.

मग पातळी मोजा. ऑटो लेव्हल नसेल तर पाण्याची पारदर्शक नळीही चालते, पण त्यात दोन-तीन मिमी इकडेतिकडे होतात. बांधतानाच कॉलमच्या खुणा एका पातळीत नसतील, त्यामुळे पहिलं माप फारसं काही सांगत नाही. खुणा पक्क्या करून दर महिन्याला मापं घ्या आणि त्यांतला फरक बघा. मोमेंट काढायला लागतं ते कॉलमचं एकूण खचणं नाही, तर मधल्याचं खचणं वजा दोन्ही कडांच्या खचण्याची सरासरी. अ १२, ब २०, क १४ मिमी असतील तर बीमला कळतात फक्त ७ मिमी. ८, १४ आणि २० असतील तर शून्य: इमारत एका बाजूला कलली, पण बीमला काहीच मोमेंट आला नाही. भिंती, दरवाजे, ड्रेनेजचा उतार यांना त्रास होईल, तो वेगळा.

आयएस १९०४ मध्ये आरसीसी फ्रेमला सुट्या फूटिंगवर दोन कॉलममधला फरक स्पॅनच्या ०.००१५ पर्यंत चालतो असं आहे. ५ मीटरला तो ७.५ मिमी होतो. पूर्ण ताठ छेदाने काढलं तर तेवढ्यालाही आपल्या बीममध्ये स्पॅनचा मोमेंट ५८ वर जातो, म्हणजे ३८ टक्के जास्त. ती मर्यादा काँक्रीटचे तडे आणि क्रीप सांभाळून घेतील या हिशोबाची आहे असं समजा आणि बांधकाम नवीन असतानाच्या झटपट खचण्याला ती जशीच्या तशी लावू नका.

एक गोष्ट सुरुवातीला सोपी करून घेतली होती, ती आता दुरुस्त करतो. तुमचा बीम कॉलमवर नुसता टेकलेला नाही, एकत्र ओतलेला आहे. कडेचे कॉलम बीमला वळू देत नाहीत तेव्हा मधला खचल्यावर कडेलाही निगेटिव्ह मोमेंट येतो. कडा पूर्ण जखडलेल्या असत्या तर मधल्या आधारावरचा बदल दुप्पट झाला असता आणि तेवढाच कडेला आला असता:

```
कडा पूर्ण जखडलेल्या:  ΔM = 6EIδ/L²   (मधे पॉझिटिव्ह, कडेला निगेटिव्ह)
```

खरा बीम ३ आणि ६ या दोन गुणकांच्या मध्ये असतो. त्यामुळे कडेच्या कॉलमच्या तोंडाशी बीमच्या वरच्या अंगालाही तडे शोधा. आणि इमारत चार मजली असेल तर प्रत्येक मजल्याचा बीम थोडा-थोडा भार कडेकडे ढकलतो. आपल्या हिशोबात एका मजल्याला १०.५ किलोन्यूटन, चार मजल्यांना ४२. कडेचं फूटिंग तेवढं घेऊ शकतं का, हे तपासायचं राहून जातं.

दुरुस्तीत सगळ्यात जास्त काळजी लागते ती कॉलम परत वर उचलताना. आधी पाणी थांबवा: फुटलेली ड्रेनेज लाइन, पायाशी साचणारं पावसाचं पाणी. फूटिंग स्थिर झालं आहे हे मापांवरून दिसू द्या. मग जॅक लावायचा तर लक्षात ठेवा की कॉलम खचला वर्षानुवर्षांत आणि तुम्ही तो उचलणार दुपारभरात. खचताना क्रीपमुळे बीम मऊ वागला होता, उचलताना तो तितका मऊ वागणार नाही. आपल्याच बीमवर बघा: हळू खचताना १० मिमीला मधला मोमेंट ७५ वरून ६५ वर आला होता. तेच १० मिमी झटक्यात उचलले, तडे गेलेल्या छेदाने, तर २६ ची भर पडून तो ९१ होतो, मूळच्या ७५ पेक्षा जास्त. कॉलम पूर्वीच्या पातळीवर आला, पण बीम पूर्वीपेक्षा जास्त ताणात गेला. म्हणून पूर्ण पातळी गाठायचा हट्ट धरू नका. जॅकवरचा जोर बघून थांबा. मधल्या कॉलमचा मूळ वाटा, आपल्या बीमला १५० किलोन्यूटन, भरला की पुरे, मग पातळी सहा मिमी कमी राहिली तरी चालेल. जोर प्रेशर गेजवर, पातळी डायल गेजवर, आणि एका वेळी एक मिमी. प्रत्येक टप्प्यानंतर मधल्या कॉलमपाशी बीमचा वरचा भाग उघडा ठेवून बघा, तिथे नवा केसाएवढा तडा दिसला तर तिथेच थांबायचं.